एकाच विषयावर दोन आंतरराष्ट्रीय करार: कोणता लागू, हे पायरीपायरीने कसे ठरवावे

कायद्याच्या विद्यार्थ्यांना आणि नव्याने वकिली करणाऱ्यांना मी गेली काही वर्षे एकच प्रश्न घालतो. २०१६ साली एक प्रवासी मुंबईहून बँकॉकला गेली. तिची २३ किलोची बॅग विमानकंपनीने हरवली. भरपाईची कमाल मर्यादा किती?

दहापैकी आठ उत्तरे एकाच वळणाची येतात: हवाई वाहतुकीवर १९२९ चा वॉर्सा करार आहे आणि १९९९ चा मॉन्ट्रियल करार आहे. नंतरचा करार आधीच्यावर मात करतो, भारत मॉन्ट्रियलचा सदस्य आहे, म्हणून मॉन्ट्रियल लागू. उत्तर ठाम असते, पण हातातल्या माहितीवर ते देताच येत नाही. प्रवासीचे तिकीट एकेरी होते की परतीचे, हे कुणीच विचारलेले नसते. थायलंड त्या वर्षी कोणत्या करारात होता, हेही कुणी पाहिलेले नसते.

चूक दरवेळी तीच होते. "कोणता करार नवा?" हा प्रश्न आधी विचारला जातो. खरा पहिला प्रश्न "कोणत्या दोन देशांच्या दरम्यान?" हा आहे. नवेपणाचा मुद्दा त्यानंतर येतो, आणि पुष्कळदा येतच नाही. खालची सगळी पद्धत या क्रमावर उभी आहे. नियम मुख्यतः १९६९ च्या व्हिएन्ना करारविषयक कराराच्या कलम ३० मधले आहेत आणि उदाहरण बॅगेचेच ठेवले आहे.

## तयारी: लिहायला बसण्याआधी टेबलावर काय हवे

तीन गोष्टी हव्यात.

पहिली, दोन्ही करारांचा पूर्ण मजकूर, शेवटच्या कलमांसकट. बहुतेकजण मुख्य तरतुदी वाचतात आणि "अंतिम तरतुदी" आल्या की पान उलटतात. दोन करारांच्या भांडणाचे उत्तर नेमके तिथेच असते. मॉन्ट्रियल कराराचे कलम ५५ हे त्याचे उत्तम उदाहरण; त्याकडे तिसऱ्या टप्प्यात येऊच.

दुसरी, सदस्य देशांची यादी, प्रत्येक देशापुढे तारखेसह. तारीख म्हणजे सहीची नव्हे, आणि दस्तऐवज जमा केल्याचीही नव्हे. करार त्या देशासाठी अंमलात आला, ती तारीख. मॉन्ट्रियल करारात दस्तऐवज जमा केल्यापासून साठाव्या दिवशी करार त्या देशाला लागू होतो. भारताने दस्तऐवज १ मे २००९ ला जमा केला आणि करार ३० जून २००९ ला लागू झाला. थायलंडचा दस्तऐवज ३ ऑगस्ट २०१७ चा आणि अंमल २ ऑक्टोबर २०१७ पासून. या साठ दिवसांच्या फटीत अडकलेली प्रकरणे खरोखर असतात. मॉन्ट्रियलची अद्ययावत यादी आयकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, ठेवते. कुठल्या तरी पुस्तकाच्या परिशिष्टातली यादी वापरू नका, ती छापतानाच जुनी झालेली असते.

तिसरी, प्रकरणाचा मूळ कागद. आपल्या उदाहरणात तिकीट. फक्त बोर्डिंग पास नव्हे, कारण त्यावर एकाच टप्प्याचे नाव असते. संपूर्ण प्रवास दिसेल असे बुकिंग हवे.

तपासा: "मॉन्ट्रियल करार" या नावाचे एकाहून अधिक करार आहेत. १९७१ चा विमानवाहतुकीविरुद्धच्या गुन्ह्यांचा, १९९९ चा भरपाईचा. टिपणात पहिल्यांदा नाव लिहिताना वर्ष लिहाच.

## टप्पा १: विषय एकच आहे का, आणि खरा विरोध आहे का?

दोन करार शेजारी ठेवले की फरक दिसतोच. पण फरक म्हणजे विरोध नव्हे. कसोटी साधी ठेवा: याच घटनेवर दोन्ही करार लावले, तर दोन्ही एकाच वेळी पाळता येतात का?

बॅगेचेच घ्या. बॅग खराब झाली तर लेखी तक्रार किती दिवसांत करायची? १९२९ च्या मूळ वॉर्सा करारात ३ दिवस. १९५५ च्या हेग प्रोटोकॉलने ते ७ केले आणि मॉन्ट्रियलमध्येही ७ च आहेत. प्रवाशाने दुसऱ्याच दिवशी तक्रार दिली असेल, तर दोन्ही मुदती पाळल्या गेल्या. त्या मुद्द्यावर कोणता करार लागू यावर पाने खर्च करायची गरजच नाही. तक्रार पाचव्या दिवशी दिली असेल, तर मात्र वॉर्साखाली दावा बुडतो आणि मॉन्ट्रियलखाली तो टिकतो. इथे विरोध खरा आहे.

भरपाईच्या मर्यादेत विरोध आणखी उघड आहे. वॉर्सामध्ये चेक-इन सामानाला किलोमागे २५० सुवर्ण फ्रँक, आणि नंतरच्या प्रोटोकॉलांनी हाच आकडा १७ एसडीआर असा मांडला. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. २३ किलोचे होतात ३९१ एसडीआर. मॉन्ट्रियलमध्ये मर्यादा वजनावर नाही, माणशी आहे, आणि २०१६ साली ती ११३१ एसडीआर होती. एकाच बॅगेला दोन कमाल मर्यादा असू शकत नाहीत. पुढे जायलाच हवे.

चूक: अर्थ लावून मिटणारा फरक "विरोध" म्हणून मांडणे. व्हिएन्ना कराराचे कलम ३१ सांगते की कराराचा अर्थ लावताना त्या देशांमधले इतर लागू नियमही ध्यानात घ्यायचे. आधी दोन्ही एकत्र वाचून पाहा. तसे जमलेच नाही, तरच पुढचा टप्पा.

## टप्पा २: दोन्हींच्या वर काही आहे का?

हा टप्पा बहुधा दोन मिनिटांत संपतो, पण वगळू नका.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम १०३ सांगते की सनदेखालचे दायित्व आणि दुसऱ्या करारातले दायित्व यांत विरोध आला, तर सनदेखालचे वरचढ. सुरक्षा परिषदेचे बंधनकारक ठरावही यात येतात. १९८८ च्या विमानातील बॉम्बस्फोटाच्या लॉकरबी प्रकरणात लिबियाने १९७१ च्या मॉन्ट्रियल कराराचा आधार घेतला होता. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १४ एप्रिल १९९२ च्या अंतरिम आदेशात म्हटले की सुरक्षा परिषदेच्या ठराव ७४८ मधली दायित्वे सकृतदर्शनी त्या करारावर वरचढ ठरतात. इथे कोणता करार आधीचा आणि कोणता नंतरचा, याला किंमतच उरली नाही.

दुसरे, कुठल्याही करारातून ढळू न शकणारे सर्वोच्च नियम, जसे नरसंहाराची बंदी. अशा नियमाशी करार विसंगत असेल, तर तो रद्दबातल ठरतो. कलम १०३ मध्ये तसे होत नाही. तिथे दुसरा करार जिवंत राहतो, फक्त तेवढ्यापुरता मागे सरतो. टिपणात "वरचढ" आणि "रद्दबातल" हे शब्द एकमेकांच्या जागी टाकलेले मी फार वेळा पाहिले आहेत. परिणाम पूर्ण वेगळे आहेत. शब्द जपून वापरा.

हरवलेल्या बॅगेत यातले काही नाही. पुढे जा.

## टप्पा ३: करारातच उत्तर लिहिले आहे का?

कलम ३० च्या दुसऱ्या परिच्छेदानुसार, एखादा करार स्वतःच म्हणत असेल की "मी अमुक कराराच्या अधीन आहे", किंवा "मला त्याच्याशी विसंगत समजू नये", तर तो दुसरा करार वरचढ. इथे नवे-जुने पाहायचे नाही, कारण करार करणाऱ्यांनीच क्रम ठरवून दिला आहे.

याची उलटी बाजूही असते: "मीच वरचढ" म्हणणारे कलम. मॉन्ट्रियलचे कलम ५५ तसे आहे. ते वॉर्सा करार, हेग प्रोटोकॉल, १९६१ चा ग्वादालाहारा करार आणि पुढचे प्रोटोकॉल यांची नावे घेऊन सांगते की मॉन्ट्रियल करार त्यांच्यावर वरचढ. इथवर वाचून बरेचजण पेन खाली ठेवतात.

पण कलम पुढे वाचा. हे वरचढपण कुणाकुणात? मॉन्ट्रियलचे सदस्य असलेल्या देशांच्या आपसात, ते देश त्या जुन्या करारांचेही सामायिक सदस्य असतील तेव्हा. आणि एकाच सदस्य देशाच्या हद्दीतल्या वाहतुकीत. बस्स. एक देश मॉन्ट्रियलचा सदस्य आणि दुसरा नाही, या जोडीबद्दल कलम ५५ अवाक्षर काढत नाही. काढूही शकत नाही, कारण ज्या देशाने करार स्वीकारलाच नाही, त्याला त्या करारातले वरचढपणाचे कलमही बांधत नाही.

इशारा: "हा करार वरचढ राहील" असे वाक्य दिसले की लगेच विचारा, "कुणाच्या दरम्यान?" उत्तर त्याच वाक्यात किंवा पुढच्या ओळीत असते.

## टप्पा ४: आधीचा करार मुळात जिवंत आहे का?

व्हिएन्ना कराराच्या कलम ५९ प्रमाणे आधीचा करार पूर्ण संपला असे मानायला पहिली अट अशी की आधीच्या कराराचे सगळे सदस्य नव्या करारात आलेले हवेत. शिवाय, हा विषय आता नव्या करारानेच चालावा असा त्यांचा हेतू दिसला पाहिजे, किंवा दोन्ही करार एकाच वेळी लावणे अशक्य असले पाहिजे.

शंभराहून अधिक देशांच्या करारात पहिलीच अट क्वचित पुरी होते. मॉन्ट्रियल ४ नोव्हेंबर २००३ ला अंमलात आला. म्हणून "वॉर्सा करार आता इतिहासजमा" हे वाक्य टिपणात येऊ देऊ नका. वॉर्साचे सगळे सदस्य मॉन्ट्रियलमध्ये आलेले नाहीत, त्यामुळे वॉर्सा त्या जोड्यांपुरता जिवंत आहे. दोनच देशांमधल्या करारांत मात्र हे कलम आधी तपासा. तिथे नवा करार झाला की जुना बहुधा संपतोच, आणि पुढचे टप्पे लागत नाहीत.

## टप्पा ५: देशांच्या जोड्या लावा

सगळे काम खरे इथे आहे. घाई करू नका. कागदावर चौकट काढा: डावीकडे देश, वर करार आणि अंमलाच्या तारखा. मग ज्या दोन देशांचा प्रश्न आहे, त्यांच्या दोन ओळी एकाखाली एक ठेवून वाचा. चार शक्यता निघतात.

दोन्ही देश दोन्ही करारांत आहेत. नंतरचा करार चालतो, आणि आधीचा विसंगत नसेल तेवढाच लागू राहतो. "आधीचा गेला" असे लिहू नका. नव्या करारात एखाद्या मुद्द्यावर काहीच नसेल, तर त्या मुद्द्यावर जुना अजून बोलतो.

एक देश दोन्हींत, दुसरा फक्त आधीच्यात. आधीचा करार लागू. १९९० साली मुंबई ते न्यूयॉर्क एकेरी तिकिटावर गेलेल्या प्रवाशाचे उदाहरण पाहा. भारत मूळ वॉर्सा करारातही होता आणि हेग प्रोटोकॉलमध्येही. अमेरिका वॉर्सामध्ये होती, पण हेग प्रोटोकॉल तिने २००३ पर्यंत स्वीकारला नव्हता. दोघांत सामायिक तो १९२९ चा मूळ करार. म्हणजे खराब बॅगेची तक्रार ३ दिवसांत, ७ नव्हे. भारताच्या १९७२ च्या विमानवाहतूक कायद्यात हेग प्रोटोकॉलप्रमाणे सुधारलेले नियम होते, म्हणून ७ दिवस गृहीत धरणाऱ्याचा दावा इथे फसला असता.

एक देश दोन्हींत, दुसरा फक्त नंतरच्यात. नंतरचा लागू, पण तो नवा आहे म्हणून नव्हे, दोघांत तोच सामायिक आहे म्हणून.

सामायिक करारच नाही. ही चौथी शक्यता कलम ३० मध्ये लिहिलेली नाही, आणि म्हणूनच ती सुटते. ती किती खरी आहे, हे अमेरिकेतल्या एका खटल्याने दाखवले. १९९५ मध्ये सोलहून सॅन फ्रान्सिस्कोला पाठवलेल्या कॉम्प्युटर चिपच्या खोक्यांतली काही खोकी गहाळ झाली. विमा कंपनी चब आणि विमानकंपनी एशियाना यांच्यातला हा खटला. दक्षिण कोरियाने फक्त हेग प्रोटोकॉलप्रमाणे सुधारलेला करार स्वीकारला होता, अमेरिकेने फक्त मूळ वॉर्सा. दोन्ही करारांची बहुतेक कलमे शब्दशः तीच, मग दोन्हींत जेवढे सारखे तेवढे लागू समजावे, असा युक्तिवाद झाला. २००० साली अपील न्यायालयाने तो नाकारला. दोन देशांनी ज्याला मान्यता दिली तो करार एकच असावा लागतो. दोन वेगळ्या करारांतले समान तुकडे जोडून न्यायालय तिसरा करार बनवू शकत नाही.

हा निकाल मी दरवर्षी वाचायला देतो. मजकूर जुळला म्हणजे बंधन जुळले, हा समज त्याने कायमचा जातो.

तपासा: मूळ करार आणि त्याची दुरुस्ती हेही "एकामागून एक आलेले करार"च आहेत. व्हिएन्ना कराराचे कलम ४० सांगते की ज्या सदस्याने दुरुस्ती स्वीकारली नाही, त्याला ती बांधत नाही. म्हणून चौकटीत प्रत्येक प्रोटोकॉलला स्वतंत्र रकाना द्या.

तपासा: राखीव शर्ती. देश सदस्य असेल, पण नेमके हवे ते कलम त्याने वगळलेले असेल, तर तुमची जोडी कागदावरच जुळलेली असते.

## टप्पा ६: "नंतरचा" म्हणजे कोणत्या तारखेपासून?

दोन्ही देश दोन्ही करारांत असतील, तरच हा प्रश्न येतो. आणि इथे दोन वेगळ्या तारखा लागतात.

कोणता करार आधीचा आणि कोणता नंतरचा, हा क्रम सहसा कराराचा मजकूर मुळात संमत झाल्याच्या तारखेवरून लावतात, कारण नवा हेतू त्या दिवशी व्यक्त झाला. पण तो वरचढपणा त्या दोन देशांना कधीपासून लागू, हे त्यांच्या अंमलाच्या तारखेवरून ठरते. एखाद्या देशाने १९९९ चा करार २००९ मध्ये स्वीकारला आणि १९५५ चा २०१२ मध्ये, तर म्हणून १९५५ चा "नंतरचा" होत नाही. सदस्यत्वाच्या तारखा लावून क्रम उलटा करण्याची चूक हुशार मुलेच करतात, कारण त्यांनी यादी मन लावून वाचलेली असते.

## टप्पा ७: विशेष नियम सामान्य नियमावर मात करतो, हे कुठे वापरायचे?

व्हिएन्ना करारात या तत्त्वासाठी कलम नाही. तरी न्यायालये ते वापरतात. १९२४ च्या माव्रोमातिस खटल्यात स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ब्रिटनकडे पॅलेस्टाईनचा कारभार सोपवणाऱ्या मँडेटपेक्षा लोझानच्या तहाबरोबरचा प्रोटोकॉल वरचढ मानला, आणि कारण देताना तो विशेषही आहे आणि अलीकडचाही आहे, असे म्हटले. दोन्ही कारणे एकाच बाजूला होती, त्यामुळे ते सोपे गेले.

अवघड तेव्हा होते, जेव्हा जुना करार विशेष असतो आणि नवा सर्वसाधारण. यांत्रिक उत्तर नाही. नव्या कराराने तो विशेष कोपरा ताब्यात घ्यायचे ठरवले होते का, हे त्याच्या मजकुरातून आणि हेतूवरून दाखवावे लागते. माझा सल्ला असा की हे तत्त्व शेवटी वापरा आणि फक्त दोन्ही करारांनी बांधलेल्या जोडीत वापरा. जो देश त्या "विशेष" करारात नाही, त्याच्यापुढे विशेषपणा दाखवून काही उपयोग नाही.

## टप्पा ८: हरलेल्या कराराचे काय होते?

एका देशाने अ शी एक वचन दिले आणि ब शी त्याच्या उलट, आणि अ व ब यांचा आपसात काही करार नाही, अशी वेळ येते. कलम ३० म्हणते की अ बरोबर अ चा करार, ब बरोबर ब चा. दोन्ही पाळता येणार नाहीत, तर एकाचा भंग होणारच. कलम ३० चा पाचवा परिच्छेद सांगतो की त्या भंगाची जबाबदारी तशीच राहते.

निकाराग्वाचे प्रकरण याचे स्वच्छ उदाहरण आहे. १९१४ मध्ये तिने ब्रायन-चामोरो करार करून अमेरिकेला कालव्याच्या मार्गाचे हक्क दिले. पण १८५८ च्या करारानुसार कालव्याबाबत काही ठरवण्यापूर्वी कोस्टा रिकाशी विचारविनिमय करणे तिला भाग होते. मध्य अमेरिकी न्यायालयाने १९१६ मध्ये निकाराग्वाने कोस्टा रिकाच्या हक्काचा भंग केला असे ठरवले, पण अमेरिकेशी झालेला करार रद्द केला नाही, कारण अमेरिका त्या न्यायालयापुढे नव्हतीच.

इशारा: जोडीची पद्धत जिथे देणे-घेणे दोन देशांत वाटता येते तिथे चालते. मानवी हक्क किंवा सागरी पर्यावरणासारख्या करारांत दायित्व सगळ्यांनाच एकत्र देय असते. तिथे दोन देशांनी आपसात वेगळे ठरवले, तर ते चालेल की नाही, हे कलम ४१ च्या अटींवर तपासा: इतरांच्या हक्कांना धक्का लागतो का, आणि कराराचा मूळ हेतूच मोडतो का.

## आता बॅगेचा प्रश्न सोडवू

आधी एक स्पष्टीकरण. कलम ३० देशांच्या हक्कांबद्दल बोलते, आणि आपल्यापुढे प्रवासी आणि कंपनी आहेत. मग "दोन देश" कोणते? प्रवाशाचे राष्ट्रीयत्व नव्हे, विमानकंपनीचा देशही नव्हे. मॉन्ट्रियलच्या कलम १ नुसार तिकिटावर ठरलेले निघण्याचे ठिकाण आणि शेवटचे गंतव्य ज्या देशांत आहेत, ते दोन देश. दोन्ही ठिकाणे एकाच सदस्य देशात असतील आणि मध्ये दुसऱ्या देशातला थांबा ठरलेला असेल, तरी करार लागू होतो, आणि तो थांबा असदस्य देशातला असला तरी चालतो. वॉर्साची रचनाही अशीच आहे.

आता चौकट भरू. २०१६ साली भारत: वॉर्सा, हेग, मॉन्ट्रियल. थायलंड: यांतला एकही नाही. त्याचा पहिला करार २ ऑक्टोबर २०१७ चा मॉन्ट्रियल.

तिकीट मुंबई–बँकॉक एकेरी असेल, तर निघणे भारतात, गंतव्य थायलंडमध्ये. सामायिक करार शून्य, म्हणजे टप्पा पाच मधली चौथी शक्यता. वॉर्सा नाही आणि मॉन्ट्रियलही नाही. दावा ज्या देशात चालेल, तिथल्या कायद्याने तो सुटेल. भारतात असेल, तर १९७२ च्या विमानवाहतूक कायद्याचे कलम ८ आणि त्याखालच्या अधिसूचना वाचायला घ्या. आंतरराष्ट्रीय व्याख्येत न बसणाऱ्या वाहतुकीला नियम लावण्याचा अधिकार तिथे आहे.

तिकीट मुंबई–बँकॉक–मुंबई असेल, तर निघणे आणि गंतव्य दोन्ही भारतात, बँकॉक हा ठरलेला थांबा. थायलंड कशाचाही सदस्य नसला तरी बिघडत नाही. आता एकाच देशाची ओळ वाचायची. भारत तिन्ही करारांत आहे, म्हणून कलम ५५ चा दुसरा भाग लागतो आणि मॉन्ट्रियल वरचढ. मर्यादा ११३१ एसडीआर. बॅग जातानाच्या टप्प्यावर हरवली तरी उत्तर बदलत नाही.

तिकीट मुंबई–बँकॉक–सिडनी असे एकाच बुकिंगवर असेल, तर बँकॉक पुन्हा फक्त थांबा. जोडी भारत–ऑस्ट्रेलिया. दोघांतही २००९ पासून मॉन्ट्रियल आहे, म्हणून मॉन्ट्रियल. पण मुंबई–बँकॉक आणि बँकॉक–सिडनी अशी दोन वेगळी तिकिटे दोन दिवशी, दोन कंपन्यांकडून काढलेली असतील, आणि सगळा मिळून एकच प्रवास आहे असे दोन्ही बाजूंनी मानल्याचा पुरावा नसेल, तर पहिला तुकडा पुन्हा एकेरी तिकिटाच्या खात्यात जातो.

त्या विमानात एकाच रांगेत बसलेल्या तिघींच्या बॅगा एकाच पट्ट्यावरून हरवल्या, तरी तिघींचे उत्तर एकच नसते.

दोन गोष्टी अजून बघायच्या राहतात. पहिली तारखेची. एसडीआरची मर्यादा ठरावीक काळाने वाढते: मुळात १०००, ३० डिसेंबर २००९ पासून ११३१, २८ डिसेंबर २०१९ पासून १२८८ आणि २८ डिसेंबर २०२४ पासून १५१९. घटनेच्या दिवशीचा आकडा घ्या, आजचा नको.

दुसरी, भारतीय न्यायालयापुढे करार थेट येत नाही, तो १९७२ च्या कायद्याच्या परिशिष्टातून येतो. मॉन्ट्रियल तिसऱ्या परिशिष्टात आहे. २०१६ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला या मर्यादा अधिसूचनेने बदलण्याचा अधिकार दिला. त्यामुळे परिशिष्टाची तुमच्या हातातली प्रत कोणत्या तारखेची आहे, आणि घटनेच्या दिवशी कोणती अधिसूचना चालू होती, हे पाहिल्याशिवाय आकडा लिहू नका. आंतरराष्ट्रीय पातळीवर वरचढ ठरलेला करार आणि न्यायाधीशांपुढे उघडलेले पान यांत फरक निघू शकतो, आणि निघाला तर युक्तिवाद त्या पानापासून सुरू करावा लागतो.

तपासा: व्हिएन्ना करार उद्धृत करताना एक वाक्य जोडा. भारत त्याचा सदस्य नाही, आणि तो अंमलात आला २७ जानेवारी १९८० ला, पूर्वीच्या करारांना मागे जाऊन लागू होत नाही. म्हणून "कलम ३० नुसार" असे न लिहिता "कलम ३० मध्ये मांडलेल्या रूढ नियमानुसार" असे लिहा, आणि तो नियम रूढ आहे याला आधार द्या. समोरचा वकील हा मुद्दा पहिल्या पाच मिनिटांत काढतो.

निष्कर्षाचे वाक्य लिहिताना त्यात पाच गोष्टी नावानिशी येऊ द्या: दोन देश, तारीख, दोघांत सामायिक असलेले सगळे करार, त्यांतला निवडलेला आणि निवडीचे कारण. परतीच्या तिकिटासाठी ते असे होईल: "निर्गमन व गंतव्य दोन्ही भारतात, ठरलेला थांबा बँकॉक, २०१६ मध्ये भारत वॉर्सा १९२९, हेग १९५५ आणि मॉन्ट्रियल १९९९ यांचा सदस्य, मॉन्ट्रियलच्या कलम ५५ च्या दुसऱ्या भागानुसार मॉन्ट्रियल १९९९ लागू." एकेरी तिकिटासाठी तिसऱ्या जागी "एकही नाही" असे लिहावे लागते, आणि ते तसेच लिहा. ती जागा भरायची म्हणून भारताचा करार तिथे आणून बसवू नका.